सोमवारचं पोटॅशियम ५.९, गुरुवारचं ४.६: मधे हातात काय घडलं?

प्रश्न: आई ६८ वर्षांची आहे, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. सोमवारी घरी येऊन रक्त नेलं. पोटॅशियम ५.९, कॅल्शियम १०.६, टोटल प्रोटीन ८.५, अल्ब्युमिन ४.९, हिमोग्लोबिन १३.२. क्रिएटिनिन ०.९ आणि सोडियम १४० म्हणजे ठीक. आई स्वयंपाकघरातून उठून आली होती. शीर सापडत नव्हती म्हणून रक्त घेणाऱ्या मुलाने पट्टा बराच वेळ बांधून ठेवला आणि आईला सारखी मुठीची उघडझाप करायला लावली. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो ठीक होता, म्हणाले गोळीला हात लावण्याआधी पुन्हा तपासू. गुरुवारी दवाखान्यात आईला गरगरत होतं म्हणून अर्धा तास आडवं केलं आणि तसंच रक्त घेतलं: पोटॅशियम ४.६, कॅल्शियम १०.१, प्रोटीन ७.६, अल्ब्युमिन ४.४, हिमोग्लोबिन १२.३, क्रिएटिनिन आणि सोडियम तेवढंच. गोळी मधे चालूच होती. कोणती लॅब खोटी? आणि तीन दिवसांत प्रोटीन एवढं उतरलं कसं?

उत्तर:

बहुधा दोन्ही लॅब खऱ्या आहेत. सोमवारच्या मशीनने ट्यूबमध्ये जे होतं तेच मोजलं. पण त्या ट्यूबमधलं रक्त म्हणजे आईंच्या अंगभर फिरणारं रक्त नव्हतं, कोपरापाशी पाचेक मिनिटं अडवून ठेवलेलं, पिळलेलं रक्त होतं. मी चोवीस वर्षं बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये रिपोर्टवर सही करतोय. असे फोन आले की मी मशीनचं कॅलिब्रेशन बघतो, पण त्याआधी एक प्रश्न विचारतो: रक्त घेताना नेमकं काय काय झालं? तुम्ही ते आपणहून लिहिलंत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं.

तुमच्या आकड्यांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आधी सुट्या करू. पोटॅशियम चढलं त्याचं कारण एक, आणि प्रोटीन, कॅल्शियम, हिमोग्लोबिन चढले त्याचं कारण दुसरं. लोक (आणि बरेच टेक्निशियनसुद्धा) दोन्हींचं खापर पट्ट्यावर फोडतात. पोटॅशियमच्या बाबतीत पट्टा एकटा असता तर जवळजवळ निर्दोष सुटला असता.

हे थोडं विचित्र वाटेल, म्हणून पट्टा नेमकं काय करतो ते बघू. पट्टा इतपतच आवळायचा असतो की शिरेतलं रक्त वर जायचं थांबेल, पण धमनीतून रक्त खाली येत राहील. म्हणजे येणं चालू, जाणं बंद. पावसाळ्यात गटाराचं तोंड तुंबल्यावर रस्त्यावर पाणी चढतं तसा हाताच्या खालच्या भागातल्या बारीक केशवाहिन्यांमध्ये दाब चढत जातो. त्या वाहिन्यांच्या भिंती चाळणीसारख्या असतात. दाब वाढला की पाणी भिंतीतून बाहेर, आजूबाजूच्या मांसात झिरपतं. पाण्याबरोबर त्यात विरघळलेले छोटे कणही जातात: सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, ग्लुकोज. मोठे कण चाळणीत अडकतात. अल्ब्युमिन आणि बाकीची प्रोटीनं आतच राहतात, लाल पेशी तर राहतातच.

आता हिशोब सोपा आहे. पाणी कमी झालं आणि प्रोटीन तेवढंच राहिलं, तर प्रत्येक डेसिलिटरमागे प्रोटीन जास्त दिसणार. पण पोटॅशियम पाण्याच्या बरोबरीनेच बाहेर गेलं, त्यामुळे उरलेल्या पाण्यातलं त्याचं प्रमाण जवळपास तेच राहणार. पाठ्यपुस्तकांत एक जुना प्रयोग नेहमी दिलेला असतो. पट्टा १ मिनिटाऐवजी ३ मिनिटं ठेवला तर टोटल प्रोटीन सुमारे ५ टक्के वाढतं, कोलेस्टेरॉलही साधारण तेवढंच वाढतं, आणि पोटॅशियम चक्क ६ टक्क्यांच्या आसपास कमी होतं. विद्यार्थ्यांना मी हा आकडा मुद्दाम आधी ओळखायला सांगतो. आजवर कुणीही ‘कमी’ म्हटलेलं नाही.

मग ५.९ आलं कुठून? मुठीतून.

स्नायूच्या पेशीच्या आत पोटॅशियमचं प्रमाण साधारण १४० ते १५० मिलिमोल असतं, बाहेर रक्तात जेमतेम ४. स्नायू आकुंचन पावला की प्रत्येक वेळी थोडं पोटॅशियम पेशीतून बाहेर पडतं. स्नायू पुन्हा पुढच्या आकुंचनासाठी तयार होण्याची ती रीतच आहे. एरवी हे कळतही नाही, कारण पेशीवरचे पंप ते परत आत ओढतात आणि उरलेलं वाहतं रक्त घेऊन जातं. पण पट्टा बांधलेला असताना रक्त जातच नाही. आईंनी दर वेळी मूठ आवळली तेव्हा पुढच्या हाताच्या स्नायूंनी त्या साचलेल्या डबक्यात पोटॅशियम सोडलं, आणि सुई नेमकी त्या डबक्यातच गेली.

हे किती वाढू शकतं? १९९० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशाच एका व्यक्तीची हकीकत छापून आली होती. पोटॅशियम विनाकारण वाढलेलं दिसत होतं. मग रक्त घेताना मूठ आवळून आणि न आवळता अशी तुलना केली, तेव्हा फक्त मुठीमुळे १.४ मिलिमोलपर्यंत फरक पडत होता. तुमचा फरक १.३ आहे. प्रत्येकात एवढा पडतोच असं नाही. मूठ किती जोरात, किती वेळा आणि पट्टा किती वेळ, यावर तो ठरतो. पण ५.९ आणि ४.६ मधलं अंतर पाहून ‘असं शक्यच नाही’ म्हणायला जागा नाही.

गंमत अशी की पट्टा आणि मूठ हे दोघं वेगवेगळे फारसे वाईट नाहीत. पट्ट्याविना मूठ आवळली तर पोटॅशियम वाहून जातं. मुठीविना पट्टा असेल तर पोटॅशियम वाढण्याचं कारणच नाही. दोघं एकत्र आले की रिपोर्ट बिघडतो.

आता प्रोटीनकडे वळू, कारण तुमचा खरा गोंधळ तिथे आहे. ८.५ वरून ७.६ म्हणजे जवळजवळ १२ टक्क्यांचा फरक. पट्टा एकटाच एवढं करेल असं मला वाटत नाही. इथे दुसरी गोष्ट मदतीला आली: आई सोमवारी उभ्या होत्या आणि गुरुवारी आडव्या.

माणूस उभा राहिला की पायांच्या केशवाहिन्यांवर रक्ताच्या स्तंभाचा दाब येतो, आणि पट्ट्याने हातात जे होतं तेच पायांत होतं. पाणी झिरपून बाहेर जातं, प्रोटीनं मागे राहतात. फरक इतकाच की पट्टा एका हातापुरता असतो, आणि उभं राहणं सगळ्या शरीराचं रक्त घट्ट करतं. झोपलेला माणूस उभा राहिला की दहा-पंधरा मिनिटांत त्याच्या प्लाझ्माचं, म्हणजे रक्तातल्या पेशी सोडून उरलेल्या पातळ भागाचं, आकारमान साधारण १० टक्क्यांनी घटतं. उलट आडवं झालं की ते पाणी परत रक्तात येतं, पण ते सावकाश, त्याला अर्धा तास तरी लागतो. आईंना गुरुवारी नेमका अर्धा तास मिळाला. बसलेला माणूस या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतो.

म्हणून दवाखान्यात भरती केलेल्या पेशंटचे नातेवाईक घाबरून विचारतात, ‘घरी असताना प्रोटीन ७.४ होतं, इथे दोन दिवसांत ६.८ कसं झालं? जेवण नीट देत नाहीत का?’ जेवणाचा संबंध फारच क्वचित असतो. पहिलं रक्त ओपीडीत चालत येऊन, खुर्चीत बसून दिलेलं असतं, दुसरं पहाटे पाच वाजता झोपेतून न उठवता घेतलेलं असतं. (सलाइन चालू असेल तर तो आणखी एक मुद्दा, पण तो आत्ता बाजूला ठेवू.)

तुमच्या आकड्यांवर हे खरंच बसतं का, ते तपासू. मला या कामात सगळ्यांत आवडणारा भाग हा.

पहिली कसोटी अल्ब्युमिनची. ४.४ वरून ४.९, म्हणजे ११ टक्क्यांच्या थोडं वर. टोटल प्रोटीन १२ टक्क्यांच्या जवळ. दोन्ही एकाच प्रमाणात वाढले. टोटल प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा केलं की ग्लोब्युलिन उरतं: सोमवारी ३.६, गुरुवारी ३.२. अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन यांचं गुणोत्तर सोमवारी १.३६, गुरुवारी १.३८, म्हणजे तेच. पाणी कमी झाल्याची ही खूण आहे: डाळीतलं पाणी आटलं की मीठही वाढतं आणि तिखटही, दोघांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही. याउलट मल्टिपल मायलोमासारख्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये प्रोटीन वाढलं असेल तर ग्लोब्युलिन एकटंच वर जातं आणि अल्ब्युमिन तिथेच राहतं किंवा खाली येतं. इंटरनेटवर ‘प्रोटीन जास्त’ शोधून तुम्हाला मायलोमाची भीती वाटली असेल, तर हे गुणोत्तर बघा. तुमच्या आकड्यांत तसं काही दिसत नाही.

दुसरी कसोटी हिमोग्लोबिनची. १२.३ वरून १३.२, म्हणजे ७ टक्के. इथे कुणीतरी हुशार वाचक म्हणेल की पाणी आटलं तर हिमोग्लोबिनही १२ टक्के वाढायला हवं होतं. नाही. आटतो तो प्लाझ्मा, लाल पेशी नाहीत. समजा आईंच्या रक्तात ३७ टक्के जागा पेशींची आणि ६३ टक्के प्लाझ्माची आहे. प्रोटीन १२ टक्के वाढलं याचा अर्थ प्लाझ्मा साडेदहा टक्क्यांनी कमी झाला, म्हणजे ६३ चे ५६ झाले. पेशींचे ३७ तसेच राहिले. एकूण १०० चे ९३ झाले. तेवढंच हिमोग्लोबिन ९३ भागांत मावलं, तर ते ७ टक्के जास्त दिसणार. १२.३ ला ७ टक्के जोडा: १३.२. आकडे इतके चपखल बसणं हा थोडा योगायोग आहे. तपासणीची स्वतःची दोन-तीन टक्क्यांची घसरगुंडी असतेच, त्यामुळे एवढ्या अचूकतेची सवय लावून घेऊ नका. दिशा आणि साधारण प्रमाण जुळलं तरी पुरे.

तिसरी कसोटी: जे वाढायला नको होतं ते वाढलं नाही ना? क्रिएटिनिन आणि सोडियम दोन्ही दिवशी तेवढंच. छोटे कण पाण्याबरोबर जातात, म्हणून त्यांचं प्रमाण हलत नाही. हेही जुळतं.

आता कॅल्शियम. ते अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं आहे. रक्तातलं साधारण ४० ते ४५ टक्के कॅल्शियम प्रोटीनला, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेलं असतं. थोडं फॉस्फेट, सायट्रेट वगैरेंशी जोडलेलं आणि उरलेलं, जवळपास निम्मं, मोकळं असतं. शरीराच्या उपयोगाचं आणि शरीर ज्याचं प्रमाण राखतं ते हे मोकळं कॅल्शियम. नेहमीच्या रिपोर्टमधलं कॅल्शियम म्हणजे सगळ्यांची बेरीज. पाणी झिरपलं की मोकळं कॅल्शियम त्याच्याबरोबर जातं, चिकटलेलं अल्ब्युमिनबरोबर मागे राहतं. म्हणजे प्रोटीन १२ टक्के वाढलं तर बेरजेचा फक्त ४० ते ४५ टक्के भाग १२ टक्क्यांनी वाढेल, एकूण वाढ साधारण ५ टक्के. १०.१ ला ५ टक्के जोडले की १०.६ येतात. रिपोर्टवरही तेच आहे.

डॉक्टर मंडळी वापरतात ते ‘करेक्टेड कॅल्शियम’चं सूत्र इथे लावून बघा:

मोजलेलं कॅल्शियम + ०.८ × (४ − अल्ब्युमिन)

सोमवार: १०.६ मधून ०.७ वजा, साधारण ९.९. गुरुवार: १०.१ मधून ०.३ वजा, ९.८. अर्ध्या अंकाचा फरक ०.१ वर आला. एवढा फरक एकाच ट्यूबचं कॅल्शियम दोनदा मोजलं तरी येतो. हे सूत्र मुळात अल्ब्युमिन कमी असलेल्या पेशंटसाठी रुळलं आणि ते ओबडधोबड आहे, पण अशा ठिकाणी ‘फरक अल्ब्युमिनमुळे होता का’ एवढं विचारायला चालतं.

एक इशारा देतो, कारण पुढची पायरी म्हणून कुणीतरी ‘मग आयोनाइज्ड कॅल्शियमच करून टाका’ म्हणेल. ती तपासणी मोकळं कॅल्शियम थेट मोजते, त्यामुळे उभं-आडवं होण्याचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. पण मुठीचा होतो. अडवलेल्या हातात मूठ चालवली की लॅक्टिक आम्ल साठतं, रक्त थोडं आम्लधर्मी होतं, आणि अल्ब्युमिनवरच्या जागा आम्लाचे कण बळकावतात. तिथलं कॅल्शियम सुटून मोकळं होतं. म्हणजे टोटल कॅल्शियम पट्ट्याने बिघडतं आणि आयोनाइज्ड मुठीने. सोमवारच्या पद्धतीने रक्त घेतलं असतं तर दोन्ही तपासण्या एकमेकींना खोटा दुजोरा देऊन गेल्या असत्या.

इथवर मी ठामपणे बोललो. आता जिथे ठाम बोलता येत नाही तिथे येतो.

सोमवारचं पोटॅशियम मुठीनेच वाढलं, हे मी नुसत्या रिपोर्टवरून सिद्ध करू शकत नाही. खोटं पोटॅशियम वाढण्याची आणखी तीन-चार कारणं असतात. सुई बारीक, ओढ जोरात, किंवा ट्यूब हलवली, तर लाल पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. मग सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, गुलाबी दिसतं आणि मशीन तसा शेरा देतं. रिपोर्टवर ‘हेमोलाइज्ड’ लिहिलं आहे का बघा. मुठीच्या प्रकारात सीरम छान पिवळं, नितळ असतं, म्हणून तर ते कुणाच्या नजरेत येत नाही. दुसरं कारण: जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं, रक्त गोठू नये म्हणून घातलेलं औषध सीरमच्या ट्यूबमध्ये गेलं तर पोटॅशियम वाढतं, पण कॅल्शियम धाडकन कोसळतं, कारण ते औषध पोटॅशियमचं मीठ असतं आणि कॅल्शियमला पकडून ठेवतं. तुमचं कॅल्शियम वाढलेलं आहे, त्यामुळे हे कारण बाद.

तिसरं मात्र मला बाद करता येत नाही. होम कलेक्शनमध्ये रक्ताच्या ट्यूब बर्फाच्या पिशवीत टाकून दुपारपर्यंत फिरवण्याची पद्धत दिसते. सीरम वेगळं न करता रक्त थंड ठेवलं की लाल पेशींवरचे पंप मंदावतात आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर गळतं. पेशी फुटत नाहीत, सीरम नितळच राहतं. रिपोर्टवर हे आणि मुठीचं पोटॅशियम सारखंच दिसतं. लॅबला विचारा: रक्त किती वाजता घेतलं, सीरम किती वाजता वेगळं केलं, आणि मधे ट्यूब कशात होती? तासा-दोन तासांत वेगळं केलं असेल तर संशय मुठीवरच राहतो. सकाळी सातचं रक्त दुपारी एकला वेगळं झालं असेल तर दोघांनाही अर्धी-अर्धी शिक्षा. प्लेटलेट फार वाढलेल्या असल्या तरी सीरमचं पोटॅशियम जास्त दिसतं. तो आकडा तुमच्या सीबीसीमध्ये असेलच, एकदा नजर टाका.

प्रोटीनच्या बाबतीतही एक शंका उरते. सोमवारी आईंच्या अंगात पाणी खरोखरच कमी असेल, जुलाब, उपास, उन्हाळा, तर प्रोटीन, कॅल्शियम आणि हिमोग्लोबिन असेच एका प्रमाणात वाढलेले दिसतील. आकड्यांना कारण कळत नाही. तेव्हा युरिया वाढलेला असतो, लघवी गडद असते, आणि माणूस सांगतो. क्रिएटिनिन हललं नाही म्हणून मला ते कमी शक्य वाटतं, एवढंच.

सगळ्यांत महत्त्वाचं: टेल्मिसार्टन घेणाऱ्या माणसात पोटॅशियम खरंच वाढू शकतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी जे केलं ते माझ्या मते अगदी बरोबर होतं. त्यांनी ईसीजी काढून आधी धोका नाही ना ते पाहिलं आणि मग पुन्हा तपासलं. ‘मूठ आवळली असेल’ असं म्हणून ५.९ कडे दुर्लक्ष करणं आणि त्या एका आकड्यावर गोळी बंद करणं, दोन्ही चूक ठरलं असतं. किडनीचा आजार असता, आकडा ६ च्या वर असता किंवा अशक्तपणा, धडधड असती, तर तीन दिवस थांबण्याची मुभा नव्हती. त्याच दिवशी, शक्य तर तासाभरात, नीट घेतलेलं दुसरं रक्त लागलं असतं.

उलट बाजूची भीती मला जास्त वाटते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एका बाईंना पायाला सूज म्हणून लघवीची गोळी चालू होती. त्यांचं पोटॅशियम सलग दोनदा ३.७ आलं, सगळे निर्धास्त. तिसऱ्या वेळी शिरा बारीक म्हणून आमच्याकडच्या सिस्टरने हात गरम कपड्याने शेकून, मूठ न आवळता रक्त घेतलं आणि आलं २.९. आधीच्या दोन्ही वेळा मूठ चालवली होती, हे मला त्या बाईंनीच सांगितलं. पायात गोळे येणं, थकवा येणं हे सगळं त्या महिनाभर सांगत होत्या. खोटं वाढलेलं पोटॅशियम निदान पुन्हा तपासलं जातं. खोटं ‘नॉर्मल’ कुणी पुन्हा तपासत नाही.

आता पुढच्या वेळी रक्त देताना. आईंनी येऊन पंधरा मिनिटं खुर्चीत शांत बसायचं. युरोपातल्या आणि लॅटिन अमेरिकेतल्या प्रयोगशाळा-तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्ये एकत्र काढलेल्या शिफारशीतही हेच आहे. घरी रक्त घेणार असतील तर बेल वाजायच्या आधीच बसवा, दार उघडायला तुम्ही जा. दर वेळी बसूनच द्या किंवा दर वेळी आडवं पडूनच द्या. कोणती पद्धत बरोबर यापेक्षा दर वेळी तीच असणं महत्त्वाचं, नाहीतर जुन्या आणि नव्या आकड्याची तुलनाच करता येत नाही. नॉर्मल रेंज मात्र बहुतेक बसलेल्या, चालत्या-फिरत्या माणसांवरून ठरवलेल्या असतात, म्हणून शक्यतो बसून.

शिरा बारीक असतील तर मुठीऐवजी दुसरे उपाय आहेत. हात दोन मिनिटं खाली लोंबता सोडा. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल कोपरावर ठेवा. उपाशीपोटी तपासणीतही साधं पाणी चालतं, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर सकाळी एक-दोन ग्लास पाजा. पाणी प्यायलेल्या माणसाची शीर सापडायला सोपी जाते, हे कुठल्याही सिस्टरला विचारा.

पट्टा कोपराच्या चार बोटं वर, आणि त्याचं घड्याळ लावायचं: एक मिनिट. चांगला टेक्निशियन पट्टा बांधून शीर हाताने चाचपून ठरवतो, मग पट्टा सोडतो, स्पिरिट लावून वाळू देतो, पुन्हा बांधतो आणि टोचतो. पहिल्या ट्यूबमध्ये रक्त आलं की पट्टा ढिला. हे शेवटचं पाऊल वृद्ध माणसात कधीकधी जमत नाही, पट्टा सोडला की रक्तच थांबतं, हे मी मान्य करतो. मग निदान मूठ तरी उघडी ठेवा. बोटं सैल मिटलेली असली तर काही बिघडत नाही. बिघडवतो तो पंप: आवळा-सोडा, आवळा-सोडा.

आणि समजा चुकून उघडझाप झालीच, शीर मिळाली पण आता पोटॅशियमची शंका आहे, तर उपाय सोपा आहे. सुई तिथेच ठेवून पट्टा सोडा, हात सैल सोडायला सांगा, एक-दोन मिनिटं थांबा. साचलेलं रक्त निघून जाऊन ताजं येतं, मग सीरमची ट्यूब भरा. शीर फार दुबळी असेल तर सुई काढून दुसऱ्या हातावर नव्याने सुरुवात करणं परवडतं.

घरी येणाऱ्या मुलाला हे सांगताना ‘तुमचं चुकलं’ असं म्हणू नका. त्याला एका सकाळी पंधरा-वीस घरं करायची असतात आणि शीर नाही सापडली तर शिव्या त्यालाच बसतात. ‘आईला मूठ नाही आवळायला लावायची, गेल्या वेळी पोटॅशियम खोटं आलं होतं,’ एवढं म्हणा आणि आधीच गरम टॉवेल तयार ठेवा. टॉवेल बघितल्यावर त्याचाही जीव भांड्यात पडेल.